मदत हवी आहे : ‘केलेल्या’ नेमकं कुणाचं?

मंडळी, मी मुंबईत बातम्यांची मुद्रितं तपासतो. एका वाक्यावर डेस्कवर वाद पेटलाय (चहा गार झाला, वाद नाही). वाक्य असं: ‘गेल्या वर्षी दुरुस्त केलेल्या उड्डाणपुलाखालील रस्त्यावर पाणी साचले.’

दुरुस्त काय केलं, पूल की रस्ता? ‘रस्त्यावर’मधला ‘वर’ काढला की दोन अर्थ सुटे होतात. ‘दुरुस्त केलेला पुलाखालील रस्ता’ म्हटलं तर रस्ता, ‘दुरुस्त केलेल्या पुलाखालील रस्ता’ म्हटलं तर पूल. पण रस्त्याला ‘वर’ लागला की केलेला, केलेली, केलेले सगळ्यांचं ‘केलेल्या’ होतं आणि लिंग-वचनाची खूण पुसली जाते. वाचक मग जवळचं नाम धरतो, म्हणजे पूल. बातमीदाराला रस्ता म्हणायचं होतं.

‘उड्डाणपुलाखालील, गेल्या वर्षी दुरुस्त केलेल्या रस्त्यावर’ असं फिरवलं की जमतं. पण त्यातच ‘कंत्राटदाराने निकृष्ट साहित्य वापरून’ आलं की रस्ता गाठेपर्यंत दम लागतो. तिथे तुम्ही काय करता? सरळ दोन वाक्यं, की ‘जो रस्ता… त्यावर’? दुसरं मला बातमीत जडच वाटतं. जागा जेमतेम दोन ओळींची आहे.