मदत हवी आहे: शाळेच्या चार हाऊसना रंगांऐवजी मूल्यांची किंवा निसर्गातली नावे

शाळाबाई
आमची मराठी माध्यमाची शाळा, पाचवी ते दहावी, पट 480. आंतरहाऊस स्पर्धांसाठी भगवा, हिरवा, निळा, पिवळा असे चार गट बरीच वर्षे आहेत. अडचण वाचताच लक्षात आली असेल. मैदानावर "भगवा विरुद्ध हिरवा" अशा घोषणा सुरू झाल्या की त्यांना नको तो अर्थ चिकटतो, आणि निळ्याचेही तेच. जूनपासून नावे बदलायची आहेत. संस्थेकडून सत्य, शौर्य, शांती, सेवा अशी सूचना आली आहे. शिक्षकांना नद्या हव्यात: गोदावरी, कृष्णा, भीमा, कोयना. ठरवताना काय बघायचे?

गुळांबा
चार घरे एकाच आवारात आहेत का? आमच्या रो हाऊसना आम्ही पारिजात, बकुळ, मोगरा, जाई अशी नावे दिली. पाट्या ग्रॅनाइटच्या करा, सिमेंटमधल्या झिजतात.

शाळाबाई
घरे नाहीत हो, स्पर्धांचे गट! पण बकुळ छान आहे.

नाना_सातारकर
नद्याच घ्या. नवोदय विद्यालयांत अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी पर्वतांची नावे वर्षानुवर्षे चालतात, कुणाची तक्रार नाही. नदी तर सगळ्यांची आई.

पीटी_मास्तर
नाना, पर्वतांचे बरोबर, पण या चार नद्या एका पायरीवरच्या नाहीत. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, भीमाही पुढे कृष्णेलाच मिळते. सातवीतल्या मुलाला हे भूगोलात शिकवायचे आणि मैदानावर सांगायचे की चारही सारख्या? पहिल्याच सामन्यात "तुम्ही शेवटी आमच्यातच येणार" सुरू होईल. नद्याच हव्या असतील तर गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा घ्या, या चारही थेट समुद्राला मिळतात.

आता संस्थेच्या यादीकडे. सत्य, शौर्य, शांती, सेवा ही चारही नावे स किंवा श वरून. गुणफलकाच्या रकान्यात आद्याक्षरे लिहाल तर स, शौ, शां, से. कर्ण्यावरून "शौर्य" आणि "सेवा" पन्नास मीटरवर सारखेच ऐकू येतात, कारण स आणि श वाऱ्यात विरून जातात. रिलेच्या वेळी चुकीचा गट सुरुवातीच्या रेषेवर येऊन उभा राहतो.

दुसरी गोष्ट वाक्याची. स्पर्धेत रोज कोणी ना कोणी हरतेच. "सत्य हरले", "शौर्याने शांतीला धूळ चारली", हे फळ्यावर लिहायचे कोणी? सत्य गटातला एखादा मुलगा कॉपी करताना सापडला की पुढचे महिनाभर नाव बदनाम. मूल्य हे सगळ्यांचे असते, ते चौघांत वाटले की उरलेल्या तिघांकडून काढून घेतल्यासारखे होते. मूल्ये बक्षिसात ठेवा: खिलाडूवृत्तीची ढाल, वक्तशीरपणाची ढाल, जिच्यावर चारही गट हक्क सांगू शकतील.

रानवाटा
मास्तरांशी सहमत, पण रंगाचा मुद्दा राहिला. नाव बदलले तरी मैदानावर रंग लागणारच. कबड्डीत कोण कुणाचा हे बिबवरूनच कळते. म्हणून अशी नावे घ्या की ज्यांचा रंग त्या वस्तूतूनच येईल. नद्यांना तो नाही, चारही निळ्याच.

झाडे आधी बघू. पांगारा लाल, बहावा पिवळा, ताम्हण जांभळा आणि कडुनिंब हिरवा. ताम्हण आपले राज्यफूल. पण दोन खोड्या. एक, "कडू" हे नाव कडुनिंबाला पहिल्याच दिवशी पडेल. दोन, जांभळ्या बिब बाजारात सहज मिळत नाहीत, सांगून करून घ्याव्या लागतात. पळस घेऊ नका, "पळसाला पाने तीनच" ऐकून मुले वैतागतील, आणि रंग पुन्हा भगव्याच्याच वाटेवर.

पक्षी त्याहून सोपे. खंड्या निळा, हळद्या पिवळा, निखार लाल, तांबट हिरवा. गावाच्या आसपास दिसणारे हे पक्षी आहेत, त्यामुळे चित्रही मुलेच काढतील. पोपट मात्र चुकूनही नको, प्रत्येक पराभवानंतर "पोपट झाला". वेडा राघूही नको, कारण नावातच आहे.

नाना_सातारकर
हळद्याऐवजी राज्यपक्षी हरियाल का नाही?

रानवाटा
त्याचा रंग पोपटी पिवळा, बिबला धड हिरवा नाही, धड पिवळा नाही. हळद्याच्या जागी आला तर तांबटाशी गोंधळ होईल. हिरवा म्हणून घेता येईल, पण मग हळद्या आणि हरियाल दोघेही ह वरून.

पीटी_मास्तर
पक्ष्यांचा संच मला पटला. एक जोड. लाल-हिरव्यातला फरक काही मुलांना कळत नाही, मुलींपेक्षा मुलग्यांत हे जास्त. तुमच्या संचात निखार लाल आणि तांबट हिरवा. म्हणून बिबवर नुसता रंग नको. पाठीवर हातभर मोठे अक्षर, ख, ह, नि, तां, आणि छातीवर पक्ष्याची आकृती. आकृती रंग भरलेली नको, पूर्ण काळी सावलीसारखी, म्हणजे लांबून चोचीवरूनही ओळखू येईल. गटागटाला पंधरा बिब धरा, एकूण साठ.

मतदान घेणार असाल तर एकेका नावावर घेऊ नका. एक संच पक्ष्यांचा, एक झाडांचा, एक नद्यांचा ठेवा आणि अख्ख्या संचावर मत घ्या. नाहीतर खंड्या, गोदावरी, बहावा आणि शौर्य अशी खिचडी निवडून येते. मतदानाच्या आधी आठवीच्या दहा मुलांना यादी द्या आणि सांगा, "यांची वाट लावून दाखवा." जे चिडवणे त्यांना सुचत नाही, ते बहुतेक कुणालाच सुचणार नाही. मग पाचवीच्या दहा मुलांना ऐकून लिहायला सांगा. "खंड्या" कोणी "खड्या" लिहिले तरी वाचणाऱ्याला कळते, पण "निखार"चे "निकार" झाले तर विचार करा.

बदल जूनमध्येच करा. मुले हलवू नका. जुना निळा जशाचा तसा खंड्या, पिवळा हळद्या, हिरवा तांबट. भगवा तेवढा निखार होताना लाल होईल, म्हणून नव्या बिब फक्त त्याच गटाच्या घ्या. बाकी तीन गटांच्या जुन्या बिबवर अक्षर आणि आकृती छापून भागेल. भावंडे एकाच गटात असतील तर तीही तशीच राहतात.

शाळाबाई
खूप उपयोग झाला. पण एक अडले. तांबट हे आडनाव आहे, जातही आहे. सहावीत त्या आडनावाची मुलगी आहे. "तांबट हरला" असे तिला ऐकावे लागेल.

रानवाटा
हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मग तांबट काढा, हिरव्याला हरियाल आणा आणि पिवळ्याला हळद्याऐवजी सुगरण. विणीच्या हंगामात नराचे डोके पिवळेधमक असते. ख, सु, नि, ह, आद्याक्षरेही वेगळी.

नाना_सातारकर
सुगरण? दहावीचे पोरगे "आम्ही सुगरण" म्हणून ओरडणार होय?

पीटी_मास्तर
घरटे विणतो तो नर. हे आधी सांगून बघा.

शाळाबाई
उद्या आठवीच्या दहा जणांसमोर दोन्ही याद्या ठेवते. संस्थेच्या सत्य, शौर्य वगैरेंना नाही कसे म्हणायचे, हे कुणाला सुचले तर लिहा. ती बैठक शनिवारी आहे.