टीचिंग स्टेटमेंटची सुरुवात: आधी भूमिका सांगायची की थेट वर्गात शिरायचं?

सांगलीकर: एका खासगी विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करतोय. दोन पानी टीचिंग स्टेटमेंट मागितलंय. सुरुवात अशी आहे: "शिक्षण विद्यार्थीकेंद्री असावं, असं मी मानतो. प्रत्येक विद्यार्थ्यात क्षमता असते. संकल्पना स्पष्ट करण्यासाठी मी प्रात्यक्षिकं आणि चर्चा यांचा वापर करतो." यात काय बदलू?

प्रयोगवही: अशा अर्जांच्या छाननीला मी तीन वर्षं बसले आहे. या तीन वाक्यांखाली इतिहासाचा प्राध्यापकही सही करेल, अडचण तीच आहे. तुमचा विषय, तुमचा वर्ग कुठेच दिसत नाही. मुलं बोलली आणि तुम्ही ऐकलंत, असा एखादा तास आठवा. त्यांनी काय चुकीचं म्हटलं ते त्यांच्याच शब्दांत लिहा, मग तुम्ही काय केलंत ते लिहा.

खारेपाटण: सर, एवढा जीव काढू नका. नेट, पीएचडी, पेपर बघतात आणि मुलाखतीला बोलावतात. आमच्याकडे अनुदानित कॉलेजात असलं काही कुणी मागितलंच नाही. फार तर तुमच्या विषयाचा निकाल किती टक्के लागला ते पहिल्या ओळीत टाका.

प्रयोगवही: तुमच्या कॉलेजापुरतं बरोबर आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत छाननीचे गुण पदव्या, नेट, प्रकाशनं, अनुभव यांना आहेत, या टिपणाला नाहीत. पण सांगलीकरांकडे ते मागितलंय, म्हणजे कुणीतरी वाचणार. आणि निकालाचा आकडा नकोच. मुलं मुळात किती गुणांची आली होती ते कळल्याशिवाय त्यात तुमचा वाटा किती, हे समजत नाही.

अश्विनी_ठाणे: माझंही असंच झालं होतं. डेमो लेक्चरला मी सुरुवातीलाच प्रश्न विचारला, समितीतले सगळे गप्प! तेव्हा उदाहरण सोपंच घ्या.

सांगलीकर: ताई, डेमो पुढे आहे, आत्ता फक्त लेखी. प्रयोगवही, एक तास आठवला. प्रथम वर्ष, 58 मुलं. एक सेल, एकसर जोडणीत दोन सारखे दिवे. स्विच दाबण्याआधी विचारलं, जास्त उजेड कुठला देईल? 34 हात पहिल्या दिव्यासाठी वर. एक मुलगा म्हणाला, "करंट पहिल्यात खर्च होतो, उरलेला दुसऱ्याला." शेजाऱ्याशी बोलायला तीन मिनिटं दिली, मग स्विच दाबला. नेमका दुसरा दिवा जरा मंद पेटला! वर्ग ओरडला, "बघा सर!" मी दोन्ही दिव्यांची अदलाबदल केली. मंदपणा दिव्याबरोबरच पहिल्या जागी आला. मग अ‍ॅमीटर आधी सेल आणि पहिल्या दिव्याच्या मध्ये लावला, मग दोन दिव्यांच्या मध्ये, मग दुसऱ्याच्या पुढे. तिन्ही वेळा काटा एकाच जागी.

प्रयोगवही: मग शोधताय काय? हीच सुरुवात. अदलाबदल हा यातला मोलाचा भाग. तुम्ही मुलांना "चूक" म्हणालाच नाहीत, जागा आणि दिवा यांतलं कारण कुठलं ते वेगळं करून दाखवलंत. मतदान, मग शेजाऱ्याशी चर्चा, ही पद्धत एरिक माझूर यांनी 1991 पासून हार्वर्डमध्ये रुजवली. समितीतल्या एखाद्याला ती माहीत असेल, म्हणून पद्धतीच्या नावावर एक ओळ पुरे, बाकी जागा दिव्यांना द्या.

खारेपाटण: एवढं वाचलं तर मला पटतंय. पण भूमिका तर पहिल्या वाक्यात हवीच ना? शंभर अर्ज वाचणारा माणूस गोष्ट संपायची वाट कशी बघणार?

प्रयोगवही: शेवटच्या वाक्यात ठेवा. दिव्यांनंतर आलेली भूमिका वाचणाऱ्याला खरी वाटते.

खारेपाटण: मी तरी वरच ठेवेन.

सांगलीकर: एक अडचण. दोन आठवड्यांनी समांतर जोडणीचा प्रश्न दिला, तर 11 जणांनी पुन्हा "करंट खर्च होतो" असंच लिहिलं. हे लिहू?

खारेपाटण: अजिबात नको. पहिल्याच परिच्छेदात स्वतःचं अपयश?

प्रयोगवही: मी लिहीन. एका तासात गैरसमज गेला असा दावा मला तरी पटत नाही. फक्त पुढे त्या 11 जणांसाठी काय केलंत ते लगेच हवं. काही केलं नसेल तर तो आकडा गाळा.

सांगलीकर: केलं होतं. प्रत्येकाकडून जोडणी वहीत काढून घेतली आणि करंटचे बाण त्यांनाच काढायला लावले. आता परिच्छेद असा:

"'करंट पहिल्या दिव्यात खर्च होतो,' असं माझ्या प्रथम वर्षातल्या 58 पैकी 34 मुलांना वाटत होतं. मी दिव्यांची अदलाबदल केली, अ‍ॅमीटर तीन जागी लावला. तरीही दोन आठवड्यांनी 11 जण तिथेच होते. त्यांच्याकडून बाण काढून घेतले तेव्हा ते नेमकं कुठे अडतात ते मला दिसलं. मुलाच्या मनातलं उत्तर आधी बाहेर यावं, मग माझं, असं मी मानतो."

खारेपाटण: 11 चा आकडा मला अजूनही खटकतो.

अश्विनी_ठाणे: मला तोच वाचावासा वाटला.