मदत हवी आहे: गुंतवणूक डॉलरमध्ये, पगार रुपयांत. डॉलर कधी आणि किती बदलावेत?

सह्यवारा

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी आहे. गुंतवणूकदारांच्या आग्रहामुळे मूळ कंपनी अमेरिकेत डेलावेअरला नोंदवलेली आहे आणि पुण्याची प्रायव्हेट लिमिटेड ही तिची उपकंपनी. नुकतीच १८ लाख डॉलरची गुंतवणूक मिळाली. ते सगळे पैसे सध्या अमेरिकेतल्या एकाच बँकेत पडून आहेत.

पुण्याचा खर्च महिन्याला ६२ लाख रुपये, त्यातले ४८ लाख पगाराचे. क्लाउड सर्व्हर आणि बाकीच्या वर्गण्यांचे १२ हजार डॉलर अमेरिकेतूनच परस्पर जातात. पुण्याची कंपनी मूळ कंपनीला दर महिन्याला खर्च अधिक १५ टक्के असं बिल लावते आणि त्यापोटी पैसे येतात.

माझ्या भागीदाराचं म्हणणं, डॉलर ९० ला पोचलाय, इतका भाव पूर्वी कधी नव्हता, तर वर्षभराचे पैसे आत्ताच आणून टाकू. गुंतवणूकदार म्हणतात, डॉलर सोडू नका. दोघांचंही पटतं, म्हणून अडकलोय. असा निर्णय ज्यांनी प्रत्यक्ष घेतलाय त्यांनी कसा घेतला, ते सांगाल का?

रानवाटा

यात विचार कसला करायचा? रुपया दरवर्षी तीन-चार टक्के पडतोच. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७४ च्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. जितकं उशिरा बदलाल तितकं चांगलं. पगाराच्या आदल्या दिवशी लागतील तेवढेच आणा.

न्यूजर्सीकर

माझा अनुभव सांगतो. मी गेली बरीच वर्षं इथून घरी पैसे पाठवतो. सरळ एनआरई खात्यात टाका आणि मुदत ठेव करा, व्याजावर भारतात करही नाही. दर चांगला दिसला की मी दोन-तीन महिन्यांचे एकदम पाठवतो.

सह्यवारा

@न्यूजर्सीकर, धन्यवाद, पण हे कंपनीचे पैसे आहेत हो. एनआरई खातं व्यक्तीचं असतं, आम्हाला ते लागू नाही.

हिशेबी

मुंबईत एका बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी तुमचाच हिशेब मांडू. ९० च्या दराने ६२ लाख म्हणजे साधारण ६८,९०० डॉलर. त्यात १२ हजार मिळवले की महिन्याचे ८०,९००. म्हणजे १८ लाख डॉलर सव्वाबावीस महिने पुरतात. आता डॉलर ८६ वर आला असं धरा. महिन्याचा खर्च ८४,१०० डॉलर होतो आणि रनवे, म्हणजे पैसे पुरण्याचा काळ, २१.४ महिन्यांवर येतो. उलट ९४ झाला तर २३ महिने. चार रुपये इकडे किंवा तिकडे झाले तरी फरक एका महिन्याच्या आतच राहतो.

याच्या शेजारी पगारवाढ ठेवून बघा. एप्रिलमध्ये १० टक्के वाढ दिलीत, तर ४ लाख ८० हजार रुपये वाढतात आणि ९० च्याच दराने रनवे २०.९ महिन्यांवर येतो. डॉलर ८६ झाल्यापेक्षा हा फटका मोठा आहे. दराकडे बघण्यात वेळ घालवण्याआधी हे डोक्यात असू द्या.

@रानवाटा, दीर्घ मुदतीचं तुमचं बरोबर आहे, पण दोन गोष्टी सुटताहेत. एक, रुपया दरवर्षी शिस्तीत पडत नाही. २०२३ चं बहुतेक वर्ष ८२-८३ च्या आसपासच गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ८८ च्या जवळ गेलेला डॉलर मेच्या सुरुवातीला ८४ च्या खाली आला होता. पगाराच्या आदल्या दिवशीच पैसे आणणाऱ्याला त्या महिन्यात तोच भाव घ्यावा लागला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रुपया पडणार हे बाजाराने आधीच किमतीत धरलेलं असतं. वर्षभरानंतरचा डॉलर आज विकायचा म्हटलं, तर आजच्या भावापेक्षा दोन-तीन टक्के वरचा भाव मिळतो. त्याला आमच्याकडे फॉरवर्ड प्रीमियम म्हणतात. अमेरिकेतलं व्याज आणि हा प्रीमियम मिळून जे होतं, ते भारतातल्या ठेवीच्या व्याजाच्या जवळपासच येतं. त्यामुळे रुपया नेहमीइतकाच पडला, तर डॉलर धरून काही कमावलं असं होत नाही. त्याहून जास्त पडला तरच कमाई, आणि ती पैज झाली. पगाराच्या पैशांवर पैज लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

माझा सल्ला असा: तीन महिन्यांचा रुपयांतला खर्च कायम पुण्यात ठेवा. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, समजा १० ते १५ च्या दरम्यान, पुढच्या एका महिन्याचे डॉलर बदला. भाव कितीही असो. बाकीचे अमेरिकेत सरकारी ट्रेझरी बिलांत किंवा तशाच फंडात राहू द्या.

आणि सगळे पैसे एकाच बँकेत ठेवू नका. शुक्रवार, १० मार्च २०२३ ला सिलिकॉन व्हॅली बँक बंद झाली, तेव्हा विम्याचं संरक्षण होतं अडीच लाख डॉलरपर्यंत. सगळे ठेवीदार सुरक्षित आहेत ही घोषणा रविवारी झाली. मधले दोन दिवस ज्यांच्याकडे भारतात रुपये नव्हते, त्यांना पगाराचा घोर लागला होता. तीन महिन्यांचे रुपये हवेत ते यासाठी. दराचं कारण दुय्यम.

लेखाजोखा

मी सीए आहे. एकदम आणण्याच्या कल्पनेबद्दल दोन शब्द.

सेवांच्या बिलापोटी वर्षभराचे पैसे एकदम आणले, तर ते निर्यातीची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहतात आणि त्या बदल्यात सेवा दिल्याचा हिशेब बँकेला द्यावा लागतो. दुसरा रस्ता भागभांडवलाचा. त्यात शेअरचं मूल्यांकन, पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप आणि वाटपानंतर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा फॉर्म. हे सगळं करता येतं, पण भांडवल म्हणून आत आलेले पैसे परत अमेरिकेत न्यायचे, तर लाभांश किंवा शेअरची पुनर्खरेदी, दोन्ही कटकटीचे आणि कर लागणारे. उद्या धंद्याचं वळण बदललं आणि अमेरिकेत माणसं घ्यायची ठरली, तर पैसे इकडे अडकलेले असतील. भागीदाराला हे जरूर सांगा.

हिशेबींच्या गणितात एक भर. १५ टक्के मार्कअपमुळे पुण्याच्या कंपनीला महिन्याला ९ लाख ३० हजारांचा नफा दिसतो. त्यावर साधारण चौथा हिस्सा कर, म्हणजे २ लाख ३४ हजार. हा खरा खर्च आहे, तो रनवेत धरलेला नाही. त्यानेच अर्ध्या महिन्याहून जास्त रनवे कमी होतो. उरलेले सात लाख मात्र दर महिन्याला पुण्यातच साठतात. नऊ महिन्यांत जवळजवळ एका महिन्याचा खर्च असा आपोआप जमतो. तो तीन महिन्यांच्या साठ्यात मोजा.

रानवाटा

मग ईईएफसी खात्यात डॉलरच ठेवा की! पैसे भारतात आणि तरी डॉलरमध्ये. भाव आला की बदलायचे.

लेखाजोखा

ठेवता येतात, पण फार दिवस नाही. या महिन्यात जमा झालेले डॉलर पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत रुपयांत बदलावे लागतात, आणि त्या खात्यावर व्याजही नाही. चार दिवस सौदा करायला सवड मिळावी म्हणून ठीक. साठवणीचं खातं नव्हे ते.

हिशेबी

बरोबर. आणि ती सवड कशासाठी वापरायची, हेच लिहायचं राहिलं होतं. @सह्यवारा, तुमचं शेवटचं रूपांतर बँकेने किती वाजता आणि कोणत्या दराने केलं, ते बघून सांगता का? बँकेच्या सूचनापत्रावर असतं.

सह्यवारा

शोधलं. पैसे आले की बँक आपोआप बदलते, आम्ही काही सांगितलेलं नव्हतं. त्या वेळच्या बाजारभावापेक्षा ७० पैसे कमी मिळालेत. आमची समजूत होती की दर हा असाच असतो.

हिशेबी

म्हणजे ६८,९०० डॉलरवर महिन्याला ४८ हजार रुपये. हेच १० पैशांवर आणलंत तर सात हजारांच्या आत बसतं. वर्षाला पाच लाखांची खात्रीची बचत, रुपया कुठेही जावो.

शाखेला लेखी द्या की आमच्या सूचनेशिवाय बदलू नका. मग बँकेच्या ट्रेझरी डेस्कवर थेट फोन करून सौदा करायला परवानगी मागा. सकाळी अकराच्या सुमारास बाजार भरात असतो, तेव्हा फोन करा, समोर चालू भाव उघडा ठेवा आणि आंतरबँक दर व तुमचं मार्जिन वेगवेगळं विचारा. एक काळजी घ्या: पैसे त्याच दिवशी हवे असतील तर ‘कॅश’ भाव लागतो. तो दोन दिवसांनी मिळणाऱ्या ‘स्पॉट’ भावापेक्षा काही पैसे कमीच असतो. त्याला बँकेची लबाडी समजू नका. बँक ऐकत नसेल तर क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल मंच २०१९ पासून आहे, तिथे नोंदणी करता येते का ते तुमच्याच बँकेला विचारा. नुसतं विचारलं तरी बऱ्याचदा मार्जिन उतरतं.

कोकणकडा_

फॉरवर्डबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही. आम्ही सहा महिन्यांच्या निम्म्या गरजेचे फॉरवर्ड घेतो. ठरलेला भाव मिळतो, वर प्रीमियम मिळतो, रात्री झोप लागते. निम्मेच का, तर मध्यंतरी आमचं एक काम बंद पडलं आणि माणसं कमी करावी लागली. रुपयांची गरज घटली, पण ठरलेले डॉलर द्यायचे होतेच. रद्द करताना भाव आमच्या विरुद्ध गेलेला असता, तर खिशातून भरावे लागले असते.

हिशेबी

निम्म्याचं तत्त्व चांगलं आहे. फक्त @सह्यवारा यांना सुरुवातीला बँक कर्जमर्यादा देणार नाही, मुदत ठेव तारण मागेल. तीन महिन्यांच्या साठ्यातली ठेव त्यासाठी अडकवली, तर साठा नावापुरताच राहतो. म्हणून पहिले सहा महिने तरी मी फॉरवर्ड टाळीन.

कोकणकडा_

इथे माझं मत वेगळं आहे. मार्कअपचे जे सात लाख साठतात, तेच तारण ठेवता येतील.

सह्यवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बँकेशी बोललो. आपोआप रूपांतर बंद करायला तयार आहेत, मार्जिन १५ पैसे म्हणतात, आणखी ताणतोय. भागीदारालाही भांडवलाची अडचण पटली. तीन महिन्यांचे रुपये आणि मग दर महिन्याला १२ तारखेला, असं ठरवतोय. अमेरिकेत दुसरं बँक खातं उघडायला दिलंय.

एकच उरलं. मार्चमध्ये बोनसचे ४० लाख जादा लागणार आहेत. ते तीन महिन्यांच्या साठ्यातून काढून नंतर भरून काढावेत, की जानेवारी-फेब्रुवारीत थोडे थोडे जास्त बदलत जावं?

लेखाजोखा

बोनसची तरतूद पुस्तकात दर महिन्याला करता ना? मग बिलातही दर महिन्याला तेवढा खर्च धरा, पैसे आपोआप हप्त्याने येतील. बिलाचा नमुना व्यनि करते.

कोकणकडा_

आणि नेमक्या त्याच रकमेला फॉरवर्ड घ्या. तारीख ठरलेली, रक्कम ठरलेली.