ईएमआयला ‘समान हप्ता’ म्हणायचं का? आणि त्यात मुद्दल किती, व्याज किती?

मोर्शीचा_पोट्टा
शब्दाचीच अडचण हाय म्हणून इथं टाकतो. दादानं तालुक्याच्या ठिकाणी घर बांधाले 10 लाखाचं कर्ज काढलं, 9 टक्के, 20 वर्षं. बाबांनी लोनचं स्टेटमेंट पाहिलं अन् मले म्हणे हे सगळं मराठीत लिहून दे. EMI समोर मी ‘समान मासिक हप्ता’ लिहिलं, कारण सगळे तसंच लिहितात. तर बाबा म्हणे समान कशाचं बे? 31 जानेवारीले 7,644 रुपये व्याज म्हणून नावे टाकले, 5 फेब्रुवारीले 8,997 हप्ता जमा झाला, अन् बाकी 10 लाखावरून 9,98,647 झाली. म्हणजे नऊ हजार भरले त्यातले 1,353 च गेले. बाबांचं म्हणणं, बँक हप्ता बी घेते अन् वरून व्याज बी वेगळं लावते, दोन्हीकडून मारते. ‘समान’ बरोबर नाही का? दुसरा शब्द काय लिहू?

शुद्धलेखणी
‘समान’ चूक आहे असं नाही, पण अपुरं आहे. मूळ शब्द इक्वल नाही, इक्वेटेड आहे. म्हणजे जे आपोआप सारखं नव्हतं ते गणित करून सारखं केलेलं. त्यासाठी ‘समीकृत मासिक हप्ता’ असा शब्द आहे आणि तोच लिहावा. समान म्हटलं की लोक समजतात मुद्दलही दरमहा समान, व्याजही समान. तुमच्या बाबांचा गोंधळ तिथूनच झालाय.

पऱ्हाटीवाला
समीकृत! बापरे. बाबा अजून घाबरतीन. किस्त म्हणा ना सरळ.

वर्धेकडची
मोर्शीच्या भाऊ, बाबांचा गोंधळ शब्दाचा नाहीच आहे, नावे आणि जमाचा आहे. लोन खात्याचं पासबुक बचत खात्यासारखं वाचलं की असंच होते. जुनाकारकून काका येतीलच, ते नीट सांगतील.

जुनाकारकून
आलो. बँकेत लोनच्या टेबलावर बसलो आहे, हा प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी घेऊन यायचं, आणि बहुतेक वेळा रागातच यायचं.

पोट्ट्या, बाबांना एवढंच सांग की व्याज दोनदा गेलेलं नाही. लोन खात्यात दोन वेगळ्या नोंदी पडतात. महिना संपला की त्या महिन्याचं व्याज खात्याला नावे पडते, म्हणजे कर्ज तेवढं वाढते. 10 लाखाचं झालं 10,07,644. मग हप्ता येतो तो जमा पडते, त्यातून 8,997 वजा झाले की राहिले 9,98,647. दादाच्या खिशातून गेले फक्त 8,997. ती 7,644 ची ओळ म्हणजे वेगळी वसुली नाही, त्याच 8,997 मधला व्याजाचा वाटा आहे, फक्त आधी छापून येते. काही बँका स्टेटमेंटवर मुद्दल आणि व्याज असे दोन रकाने सरळ देतात, तिथं हा घोळ होत नाही. ज्या देत नाहीत तिथं मुद्दल छापलेलं सापडतच नाही, हप्त्यातून व्याजाची ओळ वजा करून आपणच काढावं लागते.

मोर्शीचा_पोट्टा
हे समजलं काका. पण दादाले लोन देताना जो तक्ता दिला त्यात पहिल्या महिन्याचं व्याज 7,500 अन् मुद्दल 1,497 हाय. पासबुकात 7,644. हे 144 रुपये कुठचे?

जुनाकारकून
जानेवारी 31 दिवसांचा. तक्ता करताना वर्षाचं 9 टक्के सरळ बारानं भागतात, पाऊण टक्का महिना, 10 लाखावर 7,500. प्रत्यक्षात तुमची बँक रोजच्या बाकीवर दिवस मोजून लावते असं दिसते. 10 लाख गुणिले 9 टक्के, 365 नं भागून 31 दिवस, बरोबर 7,644. फेब्रुवारी 28 दिवसांचा असला तर व्याज 6,900 च्या आसपास येईल आणि मुद्दल दोन हजारावर कटेल. महिनोन्महिने थोडं वरखाली दिसणारच, त्याला चोरी म्हणू नका. फरक हजारात गेला, किंवा व्याजाशिवाय तिसरी एखादी ओळ दिसली, तर मात्र शाखेत जाऊन विचारा. हप्ता चुकल्याचा दंड किंवा विम्याचा पैसा तसाच वेगळा पडते.

संत्राबाग
म्या तर हेच म्हणतो, बँक आपलं व्याज आधी काढून घेते अन् मुद्दल मागं ठेवते. माझ्या साळ्यानं पहिल्या वर्षी 1 लाखाच्या वर भरले, मुद्दल 20 हजार बी कमी नाही झालं. म्हणून मी सगळ्यांले सांगतो, दोन-चार वर्षं गेली की लवकर फेडण्यात काही अर्थ नाही, व्याज तर वसूल होऊनच गेलं ना.

जुनाकारकून
पहिलं अर्धं बरोबर, दुसरं अर्धं उलटं. दादाच्याच तक्त्यात वर्षभराचे बारा हप्ते 1,07,964 होतात आणि मुद्दल कमी होते फक्त 18,724. म्हणजे साळ्याचं खरं आहे. पण बँकेनं पुढचं व्याज आगाऊ घेतलं असं त्यात काहीच नाही. त्या-त्या महिन्यात जेवढं मुद्दल तुमच्याकडं आहे तेवढ्याचंच व्याज. पहिल्या वर्षी जवळजवळ अख्खे 10 लाख तुमच्याकडं होते म्हणून व्याज जास्त. दर महिन्याला मुद्दल थोडं उतरते, म्हणून पुढच्या महिन्याचं व्याज थोडं उतरते, आणि हप्ता तोच असल्यामुळं जेवढं व्याज उतरलं तेवढं मुद्दलाकडं सरकते. या कर्जात मुद्दलाचा वाटा व्याजाच्या वर जातो तो 149 व्या हप्त्याला. बारा वर्षं उलटून गेल्यावर!

म्हणून लवकर भरण्याचा फायदा सुरुवातीलाच जास्त. वर्षाच्या शेवटी दादानं संत्र्याच्या पैशातून 50 हजार जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर राहिलेल्या 228 हप्त्यांचे 201 होतात. पंधराव्या वर्षी तेच 50 हजार भरले तर एवढे हप्ते कमी होत नाहीत, कारण तेव्हा वाचवायला व्याजच थोडं राहिलेलं असते. फक्त भरताना काउंटरवर सांगावं लागते की मुदत कमी करा, हप्ता नको. काही ठिकाणी न विचारता हप्ता कमी करून टाकतात.

संत्राबाग
मंग फेडण्यात अर्थ हाय म्हणता. बरं. पण साळ्याचं मन खट्टू झालं ते झालंच.

धानपट्टी
माझं विचारतो जरा. आमच्या गावात सोसायटीचं पीक कर्ज आहे, त्याचा ईएमआय कधीच आला नाही. दरवर्षी नवं-जुनं करतो. मग माझं मुद्दल कटते का नाही?

वर्धेकडची
दादा, पीक कर्जाला ईएमआय नसतोच ना. ते हंगामाचं, वर्षात एकदम भरायचं. नवं-जुनं म्हणजे जुनं भरल्याचं दाखवून नवीन उचलायचं, त्यात मुद्दल आहे तिथंच राहते. आमच्याकडं ट्रॅक्टरचा हप्ता सहामाही आहे, सोयाबीन-कापूस निघाला की एक अन् दुसरा उन्हाळ्याच्या तोंडाशी. तिथं तर ‘मासिक’ शब्दच खोटा, तरी एजंट त्याला ईएमआयच म्हणते.

शुद्धलेखणी
हेच माझं म्हणणं! शब्द आंधळेपणानं वापरला की असं होतं. आणि मंडळी, ‘हप्ता’ हा शब्दही बघा. फारसीत हफ्त म्हणजे सात, हफ्ता म्हणजे आठवडा. ‘मासिक हप्ता’ म्हणजे शब्दशः ‘महिन्याचा आठवडा’ झाला. त्यापेक्षा ‘समीकृत मासिक परतफेड’ लिहा.

पऱ्हाटीवाला
सर, बचत गटाच्या बायांनी बुधवारी ‘परतफेड’ भरली असं कोणी म्हणताना ऐकलं का? हप्ता भरला म्हणतात. आमच्याकडं तर किस्त. 1956 पर्यंत नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होती, त्या कारभारात किस्त शब्द रुजला असं मले वाटते. मुंबईकडं हप्ता म्हटलं की गुंड आठवते, किस्त म्हटलं की बँक. किस्तच बरी.

शुद्धलेखणी
किस्त अरबी आहे.

पऱ्हाटीवाला
अन् हप्ता काय आळंदीचा हाय?

संत्राबाग
मुद्दल कुठून आलं मग? मले वाटते ‘मुद्रा’ वरून.

शुद्धलेखणी
मुद्रेचा काही संबंध दिसत नाही. मूळ धन, मूळदल, मुद्दल असं असेल.

वर्धेकडची
दोघंही अंदाजच मारून राहिले.

मोर्शीचा_पोट्टा
एक अजून. बाबा म्हणतात व्याजदर वाढला तर हप्ता समान कसा राहीन? दादाचं लोन बदलत्या दराचं हाय.

जुनाकारकून
हा बाबांचा सगळ्यात चांगला प्रश्न. दर वाढला की बँका बरेचदा हप्ता तसाच ठेवून महिने वाढवतात. कर्जदाराला कळतही नाही, कारण खात्यातून कटते तेवढंच. पण त्याला मर्यादा आहे. दादाच्या सुरुवातीच्याच 10 लाखावर दर 9 वरून 10.8 टक्के झाला असता, तर महिन्याचं व्याज 9,000 आणि हप्ता 8,997. तीन रुपये कमी! मुद्दल कटणं सोडाच, उलट वाढत गेलं असतं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2023 मध्ये यावरच परिपत्रक काढलं. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं-थोडं दोन्ही, हे कर्जदाराला विचारायचं, आणि वाढवलेल्या मुदतीत मुद्दल उलटं वाढायला नको. निदान तिमाहीला एक स्टेटमेंट द्यायचं, त्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता आणि राहिलेले हप्ते असं सगळं हवं. दादाला ते मिळत नसेल तर मागा. बाबांना पासबुकापेक्षा तेच दाखवा.

शुद्धलेखणी
म्हणजे दर बदलला की समीकरण पुन्हा मांडावं लागतं. म्हणूनच ‘समीकृत’. सिद्ध झालं.

वर्धेकडची
काय सिद्ध झालं? बाबांना समजेल असा शब्द हवा होता. मी तर लिहीन ‘महिन्याचा ठरलेला हप्ता’, अन् खाली दोन ओळी, व्याज एवढं, मुद्दल एवढं.

शुद्धलेखणी
‘ठरलेला’ आणि दर बदलता? विरोधाभास.

पऱ्हाटीवाला
सर तुम्ही एकदा खरीपात मोर्शीले या, बाबांसमोर ‘समीकृत’ म्हणून दाखवा.

मोर्शीचा_पोट्टा
दादाले तिमाही स्टेटमेंट मागाले सांगतो. शब्दाचं अजून ठरवलं नाही, सध्या ‘ईएमआय’ च ठेवलं हाय.

धानपट्टी
पण मग मी नवं-जुनं बंद करून मुद्दल थोडं-थोडं भरू का? सोसायटीचे सचिव म्हणतात तसा नियमच नाही. कोणाला माहीत आहे का?