धागा: डिलीट केलंत ना, मग आता रडता कशाला?

रोखठोक: रागाच्या भरात अकाउंट उडवायचं आणि तीन आठवड्यांनी "फोटो परत मिळतील का हो" म्हणून गळा काढायचा. बटण तुम्हीच दाबलंत ना? डिलीट म्हणजे डिलीट. गेलं ते गेलं.

जुनी_वही: गप्प बसणार होते, पण हे वाचून कुणी प्रयत्नच सोडायचं. फेसबुक काय, इन्स्टाग्राम काय, डिलीटची विनंती केल्यावर ३० दिवस अकाउंट नुसतं झाकलेलं असतं. तेवढ्यात जुन्याच पासवर्डने लॉगिन करून डिलीट रद्द केलं की सगळं जागच्या जागी.

माझ्या बहिणीचं असंच एक अकाउंट बाविसाव्या दिवशी उघडलं. तिला ते नकोच होतं, फक्त फोटो हवे होते. डिलीट रद्द केल्यावर घड्याळ थांबतं, त्यामुळे पुढची घाई नव्हती. तरी बाईंनी घाई केलीच. डाउनलोड मागताना पुढे पुढे दाबत गेली. झिप आली एवढीशी! उघडली तर फक्त गेल्या वर्षाचे फोटो, तेही मध्यम दर्जाचे, कारण आधीपासून तेच निवडलेलं होतं. दुसऱ्यांदा All time आणि High निवडलं, तेव्हा कुठे पूर्ण ऐवज आला. डाउनलोडची लिंक चारच दिवस टिकते, म्हणून लगेच उतरवून घेतलं. सगळ्यांत जुन्या वर्षाचे फोटो उघडून पाहिले आणि मगच पुन्हा डिलीट. तेव्हा नवे ३० दिवस सुरू.

अर्धा_कप: ३० नाही हो, ९० दिवस. मी स्वतः वाचलंय.

जुनी_वही: वाचलंत ते बरोबर, लावलात तो अर्थ चुकला. ९० दिवसांपर्यंतचा वेळ सर्व्हरवरून पुसायला लागतो. त्या काळात दार तुमच्यासाठी बंदच. त्या भरवशावर कुणी ३५ व्या दिवशी लॉगिन करायला गेलं, तर तुम्ही भरून देणार का?

वैतागलेला: माझं अकाउंट तर मी डिलीट केलंच नव्हतं! एका साइटने नियम मोडल्याचं सांगून बंद केलं. बारा वर्षांचे फोटो. ३० दिवस काय नि काय!

जुनी_वही: तुमचं प्रकरण वेगळं. तिथे अपील करावं लागतं. या धाग्यातला उपाय तुम्हाला लागू नाही.

वैतागलेला: म्हणजे आमच्यासाठी कुणाकडेच काही नाही. छान.

कळफलक: सगळे झिपवर खूश आहेत. आत मराठी वाचून दाखवा! मी JSON मागवलं. "आई" लिहिलेल्या जागी हे:

```
\u00e0\u00a4\u0086\u00e0\u00a4\u0088
```

दहा वर्षांच्या पोस्टींचा चिवडा झाला.

रोखठोक: बघा! म्हटलं नव्हतं, गेलं ते गेलं?

सूत्रधार: काहीही गेलेलं नाही. आ आणि ई, दोघांचे तीन-तीन बाइट आहेत तिथे, फक्त प्रत्येक बाइट वेगळं अक्षर म्हणून लिहिलाय. फाइल `json.load` ने वाचा आणि मजकुराच्या प्रत्येक तुकड्यावर हे चालवा:

```
s.encode('latin1').decode('utf8')
```

आई परत येते. मूळ फाइल मात्र जपून ठेवा. अर्धवट दुरुस्त करून त्याच नावाने सेव्ह केलीत, तर मी काही करू शकत नाही.

कळफलक: माझ्याच पोस्टी वाचायला मी पायथॉन शिकू?

सूत्रधार: नका शिकू. HTML मागवायचं होतं, ब्राउझरमध्ये मराठी सरळ दिसतं. JSON तुम्हीच निवडलंत.

कळफलक: हो, कारण इथल्याच एका दीडशहाण्याने "JSON च घ्या, टिकाऊ असतं" सांगितलं होतं. नाव घेऊ का?

सूत्रधार: घ्या की. मीच तो. आणि अजूनही तेच म्हणेन. तारीख, वेळ, मथळा मशीनला वाचता येईल असा त्यातच मिळतो. फोटोच्या फाइलमधली मूळ तारीख अपलोड करताना बहुधा काढून टाकलेली असते, मग फोटो लावायचे कशावरून?

जुनी_वही: दोन्ही मागवा आणि भांडण मिटवा. एक्सवाल्यांनो, तिथेही मुदत ३० दिवसांचीच, पण अकाउंट बंद असताना अर्काइव्ह मागता येत नाही. आधी परत चालू करा, मग मागा. यायला २४ तास किंवा जास्त लागतात, तोवर पुन्हा बंद करू नका.

रोखठोक: ठीक, ३० दिवस मिळतात, मान्य. तुमच्या बहिणीचं नशीब थोर. पण तिच्या फोटोंखाली लोकांनी लिहिलेलं आलं का झिपमध्ये?

जुनी_वही: नाही. तिने लिहिलेल्या कमेंटी आल्या, इतरांच्या नाहीत. दुसऱ्यांनी टाकलेले, तिला टॅग केलेले फोटोही नाहीत. आता कंपनी म्हणणार, ते त्यांचं.

कळफलक: आणि माझ्या वाढदिवसाच्या फोटोखाली माझ्या आजोबांनी लिहिलेलं कुणाचं?

सूत्रधार: अकाउंट चालू आहे तोवर स्क्रीनशॉट काढून घ्या. तुमचं की त्यांचं, ते नंतर भांडू.