नमस्कार येतानाही, जातानाही?

खवट_पुणेकर: येताना नमस्कार, जाताना पुन्हा नमस्कारच. इंग्रजीत हॅलो वेगळं, बाय वेगळं. मराठीत निरोपाला शब्दच नाही. आपली भाषा इथे तोकडी पडते, मान्य करा.

जुनी_पत्रपेटी: हे वाचून चहा गार झाला माझा. अहो, हॅलो ही हाक आहे, म्हणून ती सुरुवातीलाच लागते. नमस्कार ही कृती आहे. नम् म्हणजे वाकणं. माणूस येताना वाकतो तसा जातानाही वाकतो. आजोबांची पत्रं काढून बघा. वर 'सा. न. वि. वि.' आणि शेवटी 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद'. एकाच कागदाच्या दोन्ही टोकांना! तमिळ वणक्कमही तसंच. लडाखी 'जुले' तर भेटीला, निरोपाला आणि आभारालाही चालतं.

गावठी_भाट: वणक्कम म्हणजे नमस्काराचंच तमिळ रूप ना? शेवटी सगळं संस्कृतातूनच आलंय.

दक्षिणवारी: नाही हो. 'वणंगु' हे त्यांचं स्वतःचं क्रियापद आहे. अर्थ वाकण्याचाच, तेवढं तुमचं बरोबर. बाकी व्हॉट्सॲप विद्यापीठ. पण पत्रपेटी, तुम्हीही अर्धंच सांगताय. मी आठ वर्षं चेन्नईत काढली. घरातून निघताना कुणी वणक्कम म्हणत नाही. म्हणतात 'पोयिट्टु वरेन्', जाऊन येतो. कन्नडात 'होगि बर्तीनि'. बंगाली माणूस नुसतं 'आशि' म्हणतो, म्हणजे आपलं 'येतो'च. गुजराती तर पाहुण्यालाच सांगतो, 'आवजो'. निरोपाचे शब्द आहेत, फक्त त्यांत 'जातो'वर कुणी थांबत नाही.

वैतागलेली_सून: 'येतो'वरून आठवलं. लग्नानंतर पहिल्यांदा ड्युटीला निघताना मी 'जाते' म्हणाले. सासूबाईंनी चपला काढायला लावल्या, पाटावर बसवलं, पाणी पाजलं. माझी बस चुकली. बारा वर्षं झाली, पाहुणे आले की अजून तो किस्सा रंगतो. ही संस्कृती म्हणायची की छळ?

जुनी_पत्रपेटी: विषय नमस्काराचा आहे, ताई.

वैतागलेली_सून: तुमची बस नाही चुकली, काका.

दक्षिणवारी: उलट विषय इथेच आहे. मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणतो का आपण? गुपचूप उठतो. कारण 'येतो' म्हणजे पुन्हा येण्याचा शब्द दिला. नमस्कारात तसा शब्द दिलेला नसतो. म्हणून तो सभेत, परक्या माणसाशी दोन्ही वेळा चालतो, आणि घरातल्यांना कोरडा लागतो.

खवट_पुणेकर: बरं, निरोपाला शब्द आहे. जाताना 'येतो' म्हणायचं, एवढंच. अशा वैभवाला माझा कोपरापासून नमस्कार.

जुनी_पत्रपेटी: हा येतानाचा की जातानाचा?

वैतागलेली_सून: तुमचं झालं असेल तर माझंही सांगा. मी दवाखान्यात नर्स आहे. ड्युटी संपल्यावर पेशंटला 'येते' म्हटलं की त्याच्या घरचे माझ्याकडे बघतात, आणि 'जाते' म्हटलं की पेशंट बघतो.