परिचयातील ‘मी’ नेमके काय करतो?

«अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेल कारखान्यात आठ वर्षे देखभाल अभियंता आहे. आता विभागप्रमुखाच्या जागेसाठी अर्ज करतो आहे. परिचयाची सुरुवात ‘मी रॅपियर मागांच्या दुरुस्तीत निष्णात आहे’ अशी ठेवू का?»

ही सुरुवात बदलावी, कारण ती वाचणाऱ्याला तुम्ही उत्तम दुरुस्ती करता एवढेच कळते आणि असा माणूस मागावरून हलवू नये असेच त्याला वाटेल. प्रत्येक ‘मी’पुढचे क्रियापद तपासा: दुरुस्त केले, बसवले ही स्वतःच्या हातची कामे झाली, वाटून दिले, शिकवले, निर्णय सोपवला ही माणसांमार्फत झालेली.

रात्रपाळीचे फिटर तुम्हाला विचारूनच काम करत असतील, तर असे लिहिता येईल: ‘दोन वर्षांपासून रात्रपाळीतील चार फिटरांच्या कामाची वाटणी मी करतो, त्यांपैकी दोघे आता मागाचा बिघाड मला न बोलावता शोधतात.’ यातील दुसरा भाग अधिक मोलाचा आहे, कारण त्यात तुमच्या गैरहजेरीतही टिकणारा परिणाम दिसतो. मागांचे ज्ञान त्यानंतर एका वाक्यात यावे. ते गाळू मात्र नये, कारण फिटर त्यामुळेच तुमचा शब्द मानतात.

‘व्यवस्थापन केले’ हे शब्द मात्र टाळा. रजा मंजूर करणे आणि वार्षिक मूल्यमापन तुमच्याकडे नसेल, तर मुलाखतीतील पहिल्याच प्रश्नात ते उघड होईल.